१८ आणि ९: पटवून देणाऱ्या भाषणाला गुण कशाचे?

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा. नववीचा एक वर्ग, पट ४८. विषय मराठी. मी त्या वर्गाची भाषाशिक्षिका. दुसऱ्या सत्रात तोंडी कामासाठी २० गुण होते आणि त्यासाठी मी ‘पटवून देणारे भाषण’ हा उपक्रम घेतला. काम साधे होते. शाळेत कोणता एक बदल व्हायला हवा ते ठरवायचे आणि तो मुख्याध्यापकांना पटेल अशा रीतीने तीन मिनिटांत मांडायचा. पाणी वाचवा, झाडे लावा असले विषय मी मुद्दाम टाळले. त्या विषयांवर मुलांना पाचवीपासूनची भाषणे पाठ असतात, आणि विरोध करणारा तर कुणीच नसतो.

पाठाच्या टाचणात मी चार उद्दिष्टे लिहिली होती. विद्यार्थी आपली भूमिका एका स्पष्ट वाक्यात सांगेल. त्या भूमिकेसाठी ऐकणाऱ्याला पटतील अशी कारणे आधारासह देईल. समोरून येऊ शकणारा एक आक्षेप मांडून त्याला उत्तर देईल. आणि ऐकणाऱ्याने नेमके काय करावे ते सांगून थांबेल. चार तासिकांत आम्ही हे शिकलो. भूमिका आणि कारणे यांवर जवळजवळ तीन तासिका गेल्या. आक्षेपाचा भाग चौथ्या तासिकेच्या शेवटी दहा मिनिटांत उरकला. ही दहा मिनिटे पुढे महागात पडली.

भाषणे सहा तासिका चालली. गुण देण्यासाठी मी कपाटातला नेहमीचा तक्ता काढला, जो शाळेत वक्तृत्व स्पर्धेला वापरतात. उच्चार व आवाज ५, हावभाव व सभाधीटपणा ५, पाठांतर ४, विषयाचे ज्ञान ४, वेळेचे भान २. बेरीज नेमकी २०. म्हटले, काम झाले.

अडचण कुठे दिसली

दोन मुलांची भाषणे शेजारी ठेवली की अडचण लगेच कळते. त्यांना अ आणि ब म्हणू.

अ ही मुलगी तालुका पातळीवर बक्षिसे आणणारी. तिचा विषय होता, शाळेचे वाचनालय रोज उघडे असावे. सुरुवात कवितेच्या ओळींनी, मध्ये थोरामोठ्यांची वचने, शेवट ‘वाचाल तर वाचाल’. हात योग्य जागी वर, आवाज योग्य जागी खाली. टाळ्या पडल्या. पण वाचनालय सध्या कधी उघडते, रोज उघडायला अडचण काय आहे, उघडायचे कुणी, यातले काहीच तिने सांगितले नाही. तिचे गुण १८.

ब हा वाडीवरून एसटीने येणारा मुलगा. त्याची मागणी होती, मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवा. हातात वहीचा फाडलेला कागद, नजर त्या कागदावर, शेवटची वाक्ये तर पहिल्या बाकापर्यंतच पोहोचली. पण त्याने सांगितले ते असे: “आपल्याकडं पान्याचे चार नळ हायेत. मी मंगळवारी आणि बुधवारी घंटा झाल्यावर रांग मोजली. मंगळवारी २३ जण रांगेत होते, बुधवारी १९. ते तसेच वर्गात गेले. सर म्हणतील, सुट्टी वाढवली तर शाळा उशिरा सुटेल आणि वाडीच्या पोरांची गाडी चुकेल. मीपन त्याच गाडीनं जातो. म्हणून शाळा उशिरा सोडू नका, परिपाठातली दहा मिनिटं घ्या.” त्याचे गुण ९. पाठांतराचे शून्य, हावभावाचा एक, ‘पान्याचे’ आणि ‘मीपन’ यामुळे उच्चाराचे दोन गेले.

गुण फळ्याशेजारी लावले त्या दुपारी एका मुलीने विचारले, “बाई, तुम्ही म्हणाला होता की समोरच्याला पटलं पाहिजे. मग त्याचं पटलं की. त्याला नऊ का?” मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते फारसे बरे नसणार.

घरी जाऊन टाचण आणि तक्ता शेजारी ठेवले. चार उद्दिष्टांपैकी तीन तक्त्यात कुठेच नव्हती. ‘विषयाचे ज्ञान’ या चार गुणांत कारणांचा भाग ओढूनताणून बसवता आला असता. उरलेले १६ गुण ज्या गोष्टींना होते त्या मी शिकवल्याच नव्हत्या. पाठांतर करा असे मी एकदाही म्हटले नव्हते. हावभावांवर एक मिनिटही दिला नव्हता. ज्याला ते आधीपासून येत होते त्याला गुण मिळाले, आणि जे मी शिकवले ते ज्याने केले त्याला मिळाले नाहीत.

एक गोष्ट इथे नोंदवते. लेखी परीक्षेची प्रश्नपत्रिका काढताना आपण सगळे संविधान तक्ता करतो. कोणत्या उद्दिष्टाला किती भारांश, कोणत्या घटकाला किती गुण, याचा हिशेब जुळल्याशिवाय प्रश्नपत्रिका पुढे जात नाही. तोंडी परीक्षेच्या २० गुणांना मात्र असा तक्ता करताना मी कुणाला पाहिलेले नाही. मीही केला नव्हता. तोंडी म्हणजे अंदाजाने, ही सवय इतकी मुरलेली आहे की तिच्यावर बोट ठेवायला नववीतली मुलगी लागली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भारांश बदलण्याचा. तोच तक्ता ठेवून ‘विषयाचे ज्ञान’ला चारऐवजी दहा गुण द्यायचे. सोपे होते, पण मग त्या दहांत काय पाहायचे? अ कडे वचने होती, कविता होती, वाचनाचे फायदे होते. ‘ज्ञान’ तिच्याकडे होतेच. शब्द तोच राहिला असता तर आकडा वाढूनही चूक तिथेच राहिली असती.

दुसरा, तयार रुब्रिक घेण्याचा. असे बरेच तक्ते मिळतात. मी तीन पाहिले. त्यांत ‘उत्कृष्ट मांडणी’, ‘चांगली मांडणी’, ‘समाधानकारक मांडणी’ अशा पायऱ्या होत्या. उत्कृष्ट आणि चांगली यांतला फरक कुठे ते कुणीच सांगत नव्हते. शिवाय ते तक्ते दुसऱ्या कुणाच्या पाठासाठी होते.

तिसरा पर्याय होय-नाहीच्या यादीचा. भूमिका सांगितली का, कारण दिले का, आक्षेप घेतला का. तपासायला जलद. पण ‘काही लोक नाही म्हणतील, पण ते चुकीचे आहेत’ या वाक्यालाही आक्षेपाची खूण मिळाली असती आणि ब च्या एसटीच्या गाडीलाही.

चौथा, उद्दिष्टांवरून नवा तक्ता करण्याचा: एका उद्दिष्टाला एक ओळ, प्रत्येक ओळीत पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचे वर्णन. वेळ लागणार होता, पण हाच घेतला. शेजारच्या तुकडीला मराठी शिकवणारे सर सोबत आले. त्यांची एक अट होती: “बाई, बोलता बोलता भरता आला पाहिजे. नाहीतर आपण कागदात बघू आणि पोरगं भिंतीला भाषण करील.”

त्याआधी एक निर्णय घ्यायचा होता: लावलेल्या गुणांचे काय करायचे? नव्या तक्त्याने जुनी भाषणे पुन्हा तपासली तर अ वर अन्याय झाला असता. तिने तिला ठाऊक असलेल्या नियमांनी खेळून १८ मिळवले होते. जुने गुण तसेच कायम ठेवले तर ब वर अन्याय. मुख्याध्यापकांशी बोलून ठरवले की पहिली फेरी सरावाची धरायची, तिचे गुण नोंदवायचे नाहीत. तक्ता दोन आठवडे आधी मुलांच्या हातात द्यायचा आणि दुसरी फेरी घ्यायची. अ चे वडील येऊन तासभर बोलले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. मी त्यांना टाचण दाखवले आणि चूक माझी आहे, मुलीची नाही, एवढे सांगितले.

तक्ता कसा घडला

पहिल्या मसुद्यात सहा ओळी आणि चार पायऱ्या होत्या, म्हणजे २४ चौकोन. सरांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलेले एक भाषण लावले (पालकांची परवानगी आधी घेतली होती) आणि आम्ही दोघे तक्ता भरायला बसलो. भाषण संपले तेव्हा माझ्या तीन ओळी भरल्या होत्या, सरांच्या चार. सहाच्या चार ओळी केल्या. ‘भूमिका’ आणि ‘शेवटची मागणी’ एका ओळीत आणल्या, कारण दोन्ही एकाच गोष्टीची टोके आहेत: तुला काय हवे आहे ते नेमके सांग. ‘रचना’ ही ओळ काढून टाकली, कारण ती उद्दिष्टांत नव्हती. मला ती आवडत होती, पण मी ती शिकवली नव्हती.

खरा वाद झाला तो सादरीकरणावर. माझे म्हणणे, आवाज आणि हावभाव उद्दिष्टात नाहीत, ओळ नको. सर म्हणाले, भाषणच आहे, ऐकूच आले नाही तर पटणार काय? दोघांचेही थोडे थोडे खरे होते. शेवटी ‘ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचणे’ अशी ओळ ठेवली आणि त्यात दोनच गोष्टी पाहायच्या ठरवल्या. शेवटच्या बाकाला शब्द कळतात का, आणि बोलणारा अधूनमधून ऐकणाऱ्यांकडे पाहतो का. पाठांतर गेले. हावभाव गेले. ‘न’ आणि ‘ण’ बद्दल तक्त्याच्या खाली एक वाक्य लिहिले, की बोलीतल्या उच्चारासाठी गुण कापायचे नाहीत. प्रमाण उच्चार शिकवायचे असतील तर त्यासाठी वेगळा पाठ घ्यावा आणि वेगळे गुण ठेवावेत. मुख्याध्यापकांना आपले म्हणणे पटवताना ‘पान्याचे नळ’ म्हटल्याने नळांची संख्या बदलत नाही.

प्रत्येक ओळीला १ ते ४. कारणांच्या ओळीचे गुण दुप्पट धरायचे, कारण शिकवण्याचा सर्वात जास्त वेळ तिथे गेला होता. म्हणजे ४, ८, ४ आणि ४, एकूण २०.

पायऱ्यांचे शब्द लिहिताना दोनदा घसरलो. पहिल्यांदा आकड्यांचा मोह झाला. ‘तीन कारणे दिली: ४ गुण, दोन दिली: ३ गुण’. मोजायला सोपे. पण ब ने एकच कारण दिले होते, रांगेचे, आणि ते मोजून आणले होते. या हिशेबाने त्याला २. वाचन केल्याने ज्ञान वाढते, मन रमते, शब्दसंपत्ती वाढते, असे म्हणणाऱ्या अ ला ४. तो हिशेब फाडला. त्या जागी असे लिहिले: सर्वात वरच्या पायरीवर कारण याच शाळेतले असते, पाहिलेले, मोजलेले किंवा विचारून घेतलेले असते, आणि निर्णय घेणाऱ्याला ते का महत्त्वाचे वाटावे हे सांगितलेले असते. सर्वात खालच्या पायरीवरचे कारण कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही भाषणात चिकटवता येते.

दुसरी घसरण आक्षेपाच्या ओळीत. सर आणि मी सहा मुद्रित भाषणांना स्वतंत्रपणे गुण दिले. सहा भाषणे, चार ओळी, म्हणजे २४ निर्णय. १५ ठिकाणी जुळले, ७ ठिकाणी एका पायरीचा फरक पडला आणि २ ठिकाणी दोन पायऱ्यांचा. ती दोन्ही ठिकाणे याच ओळीतली होती. एक मुलगा म्हणाला होता, “काहींना मोबाईल शाळेत नको वाटतो, कारण त्यांना नवीन तंत्रज्ञानाची भीती वाटते.” मी ३ दिले, कारण विरोधी मताचा उल्लेख आहे. सरांनी १ दिला. म्हणाले, “मला मोबाईल नको आहे, पण मला भीती बिती वाटत नाही. पोरं तासाला रील बघतील म्हणून नको आहे. माझं म्हणणं यानं मांडलंच कुठं?”

त्यांच्या या वाक्यावरून ती ओळ पुन्हा लिहिली. शेवटी ती अशी झाली:

४: विरोध करणारा ऐकून ‘हो, माझे हेच म्हणणे आहे’ म्हणेल असा आक्षेप मांडला. उत्तर त्याच आक्षेपाला दिले, आधार किंवा तोडगा सांगितला.
३: खरा आक्षेप नीट मांडला. उत्तर दिले, पण त्यातला एखादा भाग सुटला.
२: आक्षेप सोयीचा करून घेतला किंवा त्याची टिंगल केली. किंवा आक्षेप खरा होता पण उत्तर न देता पुढे गेला.
१: दुसरी बाजू आलीच नाही.

वेगळी तीन भाषणे घेऊन पुन्हा गुण दिले. बारांपैकी दहा निर्णय जुळले, दोनांत एका पायरीचा फरक. तेवढ्यावर थांबलो. मोबाईलवाल्या भाषणाने आणखी एक गोष्ट दाखवली. मागणी आम्हा दोघांनाही न पटणारी होती आणि त्यामुळे इतर ओळींतही हात आखडता घेतला जात होता. ‘मागणी आपल्याला मान्य आहे का, याला गुण नाहीत’ हे वाक्य आम्ही तक्त्यावर स्वतःसाठीच लिहिले.

नव्या तक्त्याने पहिल्या फेरीचे गुण, फक्त आमच्यापुरते, काढून पाहिले. अ: भूमिका ३, कारणे २ चे दुप्पट ४, आक्षेप १, पोहोचणे ४, एकूण १२. ब: ४, ८, ३, २, एकूण १७. ब चा आक्षेपातला एक गुण गेला, कारण परिपाठातून दहा मिनिटे घेतली तर परिपाठातले काय वगळायचे ते त्याने सांगितले नव्हते.

या तपासणीत आमच्या हाती भलतेच काही लागले. आम्ही ऐकलेल्या भाषणांपैकी बहुतेकांना आक्षेपाच्या ओळीत १ किंवा २ होते. सगळा वर्ग एकाच ओळीत खाली असेल तर दोष वर्गात नसतो. तीच ती घाईची दहा मिनिटे. ओळ काढून टाकावी की पुन्हा शिकवावे? ओळ काढली असती तर उद्दिष्टही काढावे लागले असते, आणि विरोधी बाजू ऐकल्याशिवाय पटवणे कसले? दोन तासिका आणखी दिल्या. मुलांच्या जोड्या केल्या. नियम एकच: समोरच्याचा आक्षेप त्याच्याच तोंडून ऐकायचा, आपल्या शब्दांत परत सांगायचा, आणि तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायचे नाही. पहिली पंधरा मिनिटे नुसता गोंगाट झाला. मग हळूहळू ‘नाही, मी असं नाही म्हटलं’ हे वाक्य वर्गभर ऐकू यायला लागले.

निष्पत्ती

दुसऱ्या फेरीत अ ने विषय तोच ठेवला. या वेळी तिने वाचनालयाचे रजिस्टर पाहिले होते. वाचनालय फक्त शनिवारी उघडते, ग्रंथपालाची जागा रिकामी आहे, लिपिक सर जोडीने ते काम पाहतात. ‘माणूस नाही’ हा मुख्याध्यापकांचा आक्षेप तिने त्यांच्याच शब्दांत मांडला आणि प्रत्येक वर्गातल्या दोन मुलांनी मधल्या सुट्टीत नोंदी ठेवाव्यात असा तोडगा दिला. कवितेच्या ओळी नव्हत्या. गुण ४, ६, ४, ४. पुन्हा १८.

ब चे गुण १६ झाले, म्हणजे आम्ही खाजगीत काढलेल्यापेक्षा एक कमी. तो कागद न घेता आला, मान वर करून मोठ्याने बोलला, आणि मध्येच विसरला. एसटीचा सगळा भाग राहून गेला. नंतर विचारले तर म्हणाला, “बाई, कागद बघितला तर मार्क कापतात ना?” पाठांतराची ओळ आम्ही काढली होती, पण कागद चालेल हे तक्त्यात कुठेही लिहिले नव्हते. नववीपर्यंतचा त्याचा अनुभव तक्त्यातल्या कोऱ्या जागेपेक्षा जास्त बोलका होता.

आक्षेपाच्या ओळीत वर्ग एकंदरीत वर सरकला. पण त्यासोबत एक साचाही आला. निम्म्याहून जास्त भाषणांत तिसरे वाक्य ‘आता काहीजण म्हणतील की’ असेच होते. मुले तक्ता वाचून भाषण बांधत होती. थोडी कुरकुर वाटते, पण ही पहिली पायरी आहे असे मी धरून चालले आहे. सर तेवढे आशावादी नाहीत. पुढच्या वर्षी वर्णने तीच ठेवून, मुलांना तक्ता देण्याआधी दोन भाषणे ऐकवायची आणि कोणते जास्त पटले, का पटले, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे, असा त्यांचा आग्रह आहे. म्हणजे ओळींना शब्द मुलांचे येतील.

वेगळे काय करता आले असते

तक्ता टाचणासोबतच लिहिला असता तर आक्षेपाला दहा मिनिटे देऊन भागणार नाही हे शिकवण्याआधी कळले असते. ‘कागद चालेल’ ही एक ओळ लिहिली असती तर ब ची गाडी चुकली नसती. सरावाची फेरी सरावाची आहे हे गुण लावण्याआधी सांगायला हवे होते. ते नंतर सांगितले म्हणून एका घरात तासभर वाद झाला.

आणि एक ओळ अजून सुटलेली नाही. दुसऱ्या फेरीत एका मुलीने मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, एवढेच सांगितले. सव्वा मिनिट बोलली. मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते, ती नसली की दिवसभर पाणी प्यायचे टाळतो, म्हणाली. आवाज बारीक होता. विरोधी बाजू तिने घेतली नाही, कारण कडी नको असे कोण म्हणणार? तक्त्याप्रमाणे ४, ६, १, २, म्हणजे १३. मागच्या बाकावर बसून ऐकणारे मुख्याध्यापक तासिका संपायच्या आत उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कडी बसली होती. वर्षभर ती का बसली नव्हती, हा त्या विषयातला खरा आक्षेप होता आणि तो उघड विरोधाचा नसून दुर्लक्षाचा होता. आमच्या ओळीत तो बसत नाही. तिचे १३ मी तसेच नोंदवले आहेत. त्या ओळीच्या चौथ्या पायरीत ‘किंवा ही गोष्ट आजवर का झाली नाही ते सांगितले’ हे शब्द पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत, आणि पुढच्या फेरीआधी सरांशी त्यावर बोलायचे आहे.